धोंड्याच्या जेवणाला येणाऱ्या लेकी-जावयांस

प्रिय लेकींनो आणि जावईबापूंनो,

यंदाचा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आहे. या महिन्यात हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा या पाचही तालुक्यांत घरोघरी धोंड्याची जेवणं होतील. पुण्याहून, संभाजीनगरहून, हैदराबादहून तुम्ही रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं याल, पुरणाचे धोंडे जेवाल, तेहेतीस अनारशांचं वाण घ्याल आणि दुसऱ्या रात्री परत गाडीत बसाल. मधल्या वेळात जावयाला पगार विचारला जाईल, लेकीला लेकराचं विचारलं जाईल आणि सोबत आलेल्या बिनलग्नाच्या दिराला किंवा भावाला लग्नाचं. या प्रश्नांना काय उत्तर द्यावं, आणि त्याहून जास्त म्हणजे ते कोणी द्यावं, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. मी वसमत तालुक्यातल्या एका मोठ्या खटल्यातली आत्या आहे. पंगतीला वाढताना आणि चुलीपाशी बसून हे प्रश्न मी ऐकले आहेत, आणि विचारणाऱ्या बायकांना मी चांगली ओळखते.

लग्नात, बारशात, तेराव्याच्या गोडजेवणातही असले प्रश्न येतात. धोंड्याची गोष्ट वेगळी आहे, कारण अधिक महिना साधारण तेहेतीस महिन्यांनी येतो. मागचा अधिक श्रावण होता, २०२३ साली, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. त्या वर्षीच्या लग्नसराईत ज्यांची लग्नं झाली, त्या जोडप्यांचा तो पहिला धोंडा. त्याच जोडप्यांना यंदा दुसऱ्यांदा बोलावणं आलंय. मधे जवळजवळ तीन वर्षं गेलीत. बायकांना तारखा लक्षात राहत नाहीत, सण पक्के राहतात. "मागच्या धोंड्याला तू नवी नवरी होतीस" हे वाक्य आलं की पुढचा प्रश्न काय येणार, ते घरातल्या सगळ्यांना कळतं. शिवाय अधिकात लग्नाचे मुहूर्त नसतात. निज ज्येष्ठ लागला की आषाढी एकादशीपर्यंत थोडे मुहूर्त आणि मग थेट तुळशीच्या लग्नानंतर. त्यामुळे लग्नाच्या गडबडीत ज्या गप्पा उभ्या-उभ्या होतात, त्या या महिन्यात भरपूर वेळ काढून, बसून होतात.

आधी पगाराचं बोलते, कारण त्यात राग कमी आणि गैरसमज जास्त आहे.

तुमच्या सासरेबुवांचे चुलतभाऊ ओसरीवर बसून विचारतात, "जावईबापू, पगारपाणी किती पडतं?" तुम्हाला वाटतं, हा माणूस माझ्या खिशात हात घालतोय. त्यांच्या बाजूनं पाहा. या जिल्ह्यात माणसाची कमाई कधी झाकलेली नव्हती. जमीन किती ते सातबाऱ्यावर. सोयाबीन किती झालं ते खळ्यावर सगळ्यांनी पाहिलेलं. हळदीचं तर विचारूच नका. काढणी, शिजवणी, वाळवण, पॉलिश, सगळं उघड्यावर. मग कट्टे भरून वसमतला किंवा हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात न्यायचे, आणि तिथं बीट होतं ते चारचौघांत भाव पुकारूनच. आपली हळद काय भावानं गेली ते मालकाआधी शेजाऱ्याला कळतं. असल्या माणसाला "तुला महिन्याला किती मिळतात" हा प्रश्न "तुझे कट्टे किती झाले" याच्याइतकाच साधा वाटतो. तो विचारताना त्याच्या मनात पाप नसतं.

पण तोच माणूस एक गोष्ट झाकतो. सोसायटीचं कर्ज किती, बँकेचं किती, सावकाराचं किती, हे तो ओसरीवर सांगत नाही आणि त्याला कोणी विचारतही नाही. म्हणजे आपल्याकडेही हिशेबाचा एक भाग उघडा आणि एक भाग घरातला, अशी वाटणी आहेच. नोकरीवाल्याची अडचण अशी की त्याचा सगळा हिशेब एका आकड्यात मागितला जातो.

आकडा दिला तर काय होतं तेही पाहा. समजा तुम्ही म्हणालात, "वर्षाला आठ लाखाचं पॅकेज आहे." ओसरीवर लगेच भागाकार होतो, महिन्याला ६६ हजार. यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, वर्षाखेरीस मिळाला तर मिळणारा बोनस आणि तुमच्या वाट्याचा पीएफ गेला की हातात ५२-५३ हजार येतात. त्यातून पुण्याचं घरभाडं, गाडीचा हप्ता, गावी आईवडिलांना पाठवायचे पैसे. उरतं ते तुम्हालाच माहीत. गावात मात्र ६६ हजारच राहतात, आणि दोन तोंडांतून गेल्यावर त्याचे सत्तर होतात. मग आठ-पंधरा दिवसांनी पेरणीच्या तोंडावर फोन येतो: बी-बियाण्याला, खताला पन्नास हजार हातउसने द्या, हळद गेली की देतो. मागणारा खोटं बोलत नसतो. सत्तर हजारवाल्याला पन्नास जड जाणार नाहीत, हा त्याचा हिशेब असतो. तुम्ही नाही म्हटलं की लोक म्हणतात, जावई चिकट आहे. पगार विचारल्यानं कोणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नाही, आकडा सांगितल्यानं झालेलं पाहिलंय.

म्हणून आकडा सांगायचा नाही, आणि न सांगण्यात आढ्यताही ठेवायची नाही. "मामा, दोघांचं व्यवस्थित भागतं तिथं" एवढं म्हणायचं आणि लगेच त्यांच्या शेताचं विचारायचं. नुसतं "शेती कशी आहे" असं विचारलं तर ते "चाललंय" म्हणतील आणि पुन्हा तुमच्यावर येतील. नेमकं विचारा. हळद वाळवणावर असताना पाऊस लागला का? यंदा शिजवणीला कुकर कोणाचा घेतला? बेणं घरचं ठेवलं की विकलं? या प्रश्नांची उत्तरं लांब असतात आणि सांगणाऱ्याला सांगावीशी वाटतात. मात्र खरंच ऐकायचं. विषय बदलण्यापुरतं विचारलं तर ते त्यांच्या लगेच लक्षात येतं. "चार पैसे गाठीला राहतात" असं मात्र म्हणू नका. ते वाक्य आपुलकीनं बोललं जातं आणि उसनवारीच्या कामी येतं.

दोघांना खरा आकडा सांगायला हवा. एक तुमचे सासरे, कारण लेकीचं कसं चाललंय हे जाणून घ्यायचा त्यांना हक्क आहे. ते चारचौघांत विचारणार नाहीत, रात्री अंगणात बाजेवर बसल्यावर विचारतील. तेव्हा हातात येतात ते सांगा, भाडं किती जातं ते सांगा. दुसरे म्हणजे तुमच्या बहिणीचं किंवा भावाचं जिथं खरोखर जमत आलंय, ती माणसं. तिथं भावाबहिणीचं पॅकेज सांगून हातातला पगार लपवणं ही फसवणूक आहे, आणि तिचे परिणाम नव्या जोडप्याला भोगावे लागतात. तिथं पगाराची स्लिप दाखवण्यातही कमीपणा नाही.

आता लग्नाचं. तुमच्यासोबत आलेला एकोणतीस-तीस वर्षांचा भाऊ किंवा सत्तावीसची नणंद असेल, तर "यांचं कधी करायचं?" हे ठरलेलं आहे. इथं विचारणारी माणसं दोन तऱ्हेची असतात आणि त्यांना वेगळं काढता आलं पाहिजे. आपल्याकडे अजूनही बरीच लग्नं पाहुण्यारावळ्यांतूनच जमतात. व्हॉट्सअॅपवर बायोडाटा फिरतो खरा, पण तो उघडून पाहायला लावणारी कोणी तरी मामी किंवा मावसा लागतोच. तेव्हा विचारणाऱ्याच्या मनात खरंच एखादं स्थळ असू शकतं. ज्याच्या मनात स्थळ असतं त्याचं पुढचं वाक्य शिक्षणाबद्दल, गावाबद्दल किंवा घराण्याबद्दल असतं. ज्याच्या मनात काहीच नसतं तो वयावर येतो. "तिशी आली की आता" असं ऐकलं की समजावं, इथं स्थळबिळ काही नाही.

ज्यांना लग्न करायचं आहे त्यांच्यासाठी सरळ उत्तर: "मावशी, एखादं स्थळ आहे का पाहण्यात? असेल तर आईच्या फोनवर पाठवा." असेल तर काम होतं. नसेल तर मावशी दुसरीकडे वळते, कारण आता काहीतरी करायची पाळी तिच्यावर आलेली असते. पण ज्यांना आत्ता करायचं नाही, किंवा ज्यांनी स्वतः कोणी पाहिलेलं आहे आणि घरात अजून सांगितलेलं नाही, त्यांनी हे वाक्य चुकूनही वापरू नये. संध्याकाळपर्यंत चार बायोडाटे येतील आणि प्रत्येकाला नकाराचं कारण द्यावं लागेल. त्यांनी घरातल्या एका थोरल्या माणसाला विश्वासात घ्यावं, काका असो की आजोबा, आणि पंगतीत फक्त म्हणावं, "ते काकांना विचारा." काकांनी "सध्या थांबलोय आपण" म्हटलं की पुढं कोणी ताणत नाही. तेच मुलानं स्वतः म्हटलं तर तासभर समजूत घालतात.

एका मुलाला मात्र यातलं काहीच कामाला येत नाही, तो म्हणजे गावात राहून शेती करणारा तेहेतीस-चौतीसचा मुलगा. तुमचा चुलत मेहुणा असेल, चुलतभाऊ असेल. त्याला लग्न करायचं आहे, तो शोधतोय आणि मिळत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अशा मुलांनी बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता आणि गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा कडक राबवा अशी मागणी केली होती. लोकांना ती गंमत वाटली. आपल्या जिल्ह्याकडे पाहा. २०११ च्या जनगणनेत हिंगोलीत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली ९०० सुद्धा नव्हत्या. त्या वेळची ती लेकरं आज १५ ते २२ वर्षांची आहेत, म्हणजे त्यांच्या लग्नाचा प्रश्न अजून यायचाच आहे. ज्या पिढीनं हे होऊ दिलं, तीच आज ओसरीवर बसून त्या पोराला विचारते, "काहून रे, तुझं कधी?" त्याला उत्तर शिकवण्यात अर्थ नाही. ते उत्तर तुम्ही द्यायचं. जावईबापू, त्या दिवशी घरात तुमच्या शब्दाला वजन असतं. हा प्रश्न आला की त्या पोराला हाक मारून म्हणा, "चल, तुझा प्लॉट दाखव मला," आणि त्याला घेऊन शेताकडे निघा. जावयाला कोणी थांबवत नाही.

लेकराच्या प्रश्नाकडे येते. पत्र लिहायला बसले ते खरं तर याच्यासाठी.

आमच्याच नात्यातलं सांगते, नावं देत नाही. २०२३ च्या धोंड्याला आली तेव्हा त्या लेकीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. जावई ओसरीवर पाटावर बसलेला. ती स्वयंपाकघरात परात पुढ्यात घेऊन धोंड्यात पुरण भरत होती. भोवती सहा-सात बायका. एक चुलत मावशी म्हणाली, "माय, अजून काहीच नाही का?" लेक खाली बघून म्हणाली, "बघू." आईला ते सहन झालं नाही. लेकीची बाजू घ्यायची म्हणून ती बोलून गेली, "नांदेडला दाखवलंय, औषध चालू आहे." एवढं एकच वाक्य. त्यावर प्रश्न आले ते असे: कोणता डॉक्टर? किती दिवस झाले? दोष कोणात निघाला? पोट साफ असतं का? एकीनं औंढ्याला अभिषेक बोलायला सांगितला, एकीनं गावातल्या कोणाचं झाडपाल्याचं औषध. कोणी तरी म्हणालं, आमच्या पुतणीला टेस्ट ट्यूबनं झालं, खर्च फार येतो, जावई करतील का? लेक पुरण भरत राहिली. संध्याकाळी सवाष्णींच्या ओट्या भरायच्या होत्या. एक बाई हळूच म्हणाली, तिच्याऐवजी धाकटीला पुढं करा. ते तिनं ऐकलं. पुढं महालक्ष्म्यांच्या सणाला सासरी गेली, तोवर ही नांदेडची बातमी सासरच्या पाहुण्यांत आधीच पोचली होती, आणि तीही अशी की दोष तिच्यातच आहे. जावयाची तपासणी तोपर्यंत झालेलीच नव्हती.

यात दुष्ट कोणी नव्हतं, हे मला पुन्हा सांगावंसं वाटतं. त्या चुलत मावशीनं या लेकीला कडेवर घेऊन वाढवलेलं. पण तिनं विचारलेला प्रश्न आणि आईनं दिलेलं उत्तर, दोन्ही मिळून त्या मुलीचं तीन वर्षांचं जगणं अवघड करून गेले.

यातून धरायची पहिली गोष्ट ही की अर्धं उत्तर सगळ्यांत वाईट. "बघू" म्हटलं की वाटतं मनावर घेत नाहीत. "औषध चालू आहे" म्हटलं की दवाखाना विचारतात. "पुढच्या वर्षी" म्हटलं की पुढच्या वर्षी विचारतात. "आत्ताच नको म्हटलंय" म्हटलं आणि मनातून हवं असलं, तर पुढं दवाखान्याच्या फेऱ्या दिसल्या की खोटेपणाचा ठपका येतो. कारण दिलं की त्या कारणावर इलाज सांगणारी बाई त्याच घरात हजर असते. म्हणून उत्तरात कारण नको, तारीख नको, दवाखाना नको. "मावशी, काही असेल तेव्हा आई तुम्हाला आधी सांगेल." एवढंच, हसून, डोळ्यांत बघून, आणि हातातलं काम न थांबवता. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच वाक्य, एक शब्द न बदलता. दोनदा तेच ऐकल्यावर बहुतेक बायका थांबतात. तिसऱ्यांदा विचारणारी असेल तर परात दुसरीकडे देऊन उठावं, पाणी आणायला जावं.

टोमण्याला टोमणा मारू नका. "तुमच्या सुनेचं काय झालं ते सांगा आधी" असं म्हणायची हिंमत आजच्या मुलींत आहे, आणि ऐकणाऱ्यांना मजाही येते. पण तुम्ही रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसून जाता. आईला त्याच गल्लीत राहायचं असतं. पापड लाटायला, हळदीच्या कामाला, आजारपणात रात्री दारात उभं राहायला त्याच बाया लागतात. तुमच्या एका वाक्याचं देणं ती वर्षभर फेडते.

दुसरी गोष्ट जावयांना. हा प्रश्न नेहमी लेकीला, नेहमी स्वयंपाकघरात, तुमच्या कानाआड विचारला जातो. तुम्हाला विचारत नाहीत. डॉक्टर काय सांगतात ते ऐका: कोणतीही काळजी न घेता, नियमित संबंध ठेवून बारा महिने दिवस राहिले नाहीत तर तपासायला जावं. बाई पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिन्यांतच जावं. तपासणी दोघांची. साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बायकोच्या कारणासोबत. पुरुषाची पहिली तपासणी सोपी आणि स्वस्त आहे, बायकोच्या कितीतरी तपासण्यांपेक्षा सोपी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं की जगात साधारण सहातल्या एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते. म्हणजे तुमच्या पंगतीत बसलेल्यांतही असे कोणी असतीलच, काहींनी ते कोणाला सांगितलंही नसेल.

आता या महिन्यातला तुमचा मान आठवा. लेक-जावई म्हणजे लक्ष्मी-नारायण म्हणून तुमचे पाय धुतात, वाणाचं ताट तुमच्या हातात देतात. सासूबाईंच्या शब्दाला कोणी आडवं जाईल, जावयाच्या शब्दाला त्या दिवशी कोणी जात नाही. तो मान नुसता कपड्यांवर आणि अनारशांवर घालवू नका. जेवण झाल्यावर, ओसरीवर पानसुपारी चालू असताना, सगळे ऐकतील अशा आवाजात एकदा म्हणा: "लेकराबाळाचं कोणाला काही विचारायचं असलं तर मला विचारा, हिला विचारायचं नाही. ते आमचं दोघांचं आहे, आणि आम्ही बघतोय." रागानं नको, साध्या सुरात. ते वाक्य पाच मिनिटांत स्वयंपाकघरात पोचतं. आणि तुम्हाला कोणी विचारत नाही, हेही खात्रीनं सांगते. पुरुषाला चारचौघांत "तपासून घेतलंस का" असं विचारायची हिंमत आपल्याकडे अजून कोणी केलेली मी पाहिली नाही. पण जावईबापू, जर तुमची तपासणी झालेली नसेल तर हे वाक्य बोलायच्या आधी ती करून घ्या. नाहीतर तो नुसता शब्द होईल, आणि तुमच्या बायकोला ते कळेल.

लेकींनो, प्रत्येक विचारणारीला हेच बंद दार नको. विचारायची जागा बघा. सगळ्यांच्या देखत विचारते ती बहुतेक वेळा बोलण्यापुरतं विचारते. पण एखादी रात्री माळवदावर अंथरुणं घातल्यावर तुमच्या शेजारी आडवी होते आणि हळू आवाजात म्हणते, "तू बरी आहेस का गं?" ती वेगळी. तिचं स्वतःचं एक लेकरू गेलेलं असेल, किंवा लग्नानंतर सात-आठ वर्षं तिनं असलंच ऐकलेलं असेल. या जिल्ह्यात माझ्या आईच्या पिढीतल्या कितीतरी बायकांची पाच-पाच बाळंतपणं झाली आणि त्यातली दोन-तीन लेकरं जगली. दिवस राहून गेले तर ते कोणाला सांगायची सोयच नव्हती. तुमचं तसं काही झालं असेल, तर तिला सांगा. ज्ञात गरोदरपणांपैकी दहा-पंधरा टक्के अशी मधेच संपतात, त्यात बाईचा काही दोष नसतो, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. तुम्ही सांगितलंत तर तिचंही मन मोकळं होईल. फक्त तिला आधी विचारा, हे तू कोणाला सांगणार नाहीस ना. चांगल्या बाईला ते विचारलेलं आवडतं.

ओटीचं तेवढं बोलायचं राहिलं. लेकराचं विचारणं तोंडानं होतं, ओटीच्या वेळी मागं सरकवणं हातानं होतं, आणि त्याला तोंडानं उत्तर देता येत नाही. ते काम यजमान बाईचं, म्हणजे लेकीच्या आईचं. आयांनो, हे पत्र तुमच्याही हातात पडणार, म्हणून सांगते. ओट्या भरायची वेळ आली की कोणाला विचारू नका, कोणाकडे बघू नका. पहिली ओटी त्या लेकीच्या हातून भरून घ्या. नारळ, खण, तांदूळ तिच्या हातात द्या आणि ज्या बाईची कुजबूज व्हायची शक्यता आहे, तिचीच ओटी तिला आधी भरायला लावा. तुमच्या घरचं कार्य आहे. तुमच्या घरात कोण पुढं बसायचं ते तुम्ही ठरवायचं, पाहुण्यांनी नाही. आणि लेकीची बाजू घ्यायची म्हणून तिच्या दवाखान्याचं एक अक्षर बोलू नका. तुमचा जीव तुटतो हे मला कळतं. पण तुम्ही गप्प राहिलात तर ती सुरक्षित राहते.

यातलं एकही वाक्य त्या दिवशी ऐन वेळी सुचत नाही. म्हणून तिकीट काढायच्या आधी दोघं नवराबायको बसून ठरवा: लेकराबद्दल काय बोलायचं, पगाराबद्दल काय बोलायचं, आणि सोबत येणाऱ्या दिराला-नणंदेला काय सांगून ठेवायचं. मग आईला फोन करा. तिला दवाखाना, तपासण्या, खर्च सगळं सांगायची गरज नाही, सांगावंसं वाटलं तर सांगा. पण हे सांगायलाच हवं: "आई, कोणी विचारलं तर म्हण, काही असेल तेव्हा मी सांगेन. त्याच्या पुढं काही बोलू नकोस." ती आधी म्हणेल, "मी काही बोलते का कुठं!" मग थोडा वेळ थांबून विचारेल, "पण मला तरी सांगशील ना?" त्याचं उत्तर काय द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. एवढंच बघा की तिला ते तुमच्या तोंडून कळेल, मावशीच्या नाही.

तुमची,
वसमत तालुक्यातली एक आत्या